एन्ट्रॉपीच्या खाली गेलेला ‘ग’

प्रॅक्टिकल परीक्षा संपल्यावर एक विद्यार्थिनी जर्नल घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. शेवटच्या प्रयोगाच्या पानावर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाल शाईने एका आकड्याभोवती गोल काढला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ‘एन्ट्रॉपीपेक्षा कमी? अशक्य.’ तिने प्रतिमेची एन्ट्रॉपी, म्हणजे एका पिक्सेलला सरासरी निदान किती बिट लागतील याचं शॅननने दिलेलं माप, पिक्सेलमागे १.५५ बिट काढली होती आणि खाली, त्याच प्रतिमेचं रन-लेंग्थ कोडिंग पिक्सेलमागे १.४१ बिटांत बसवलं होतं. परीक्षकांनी विचारलं, शॅननच्या खाली कशी गेलीस? तिला उत्तर देता आलं नाही.

‘‘सर, मी तीनदा मोजलंय,’’ ती म्हणाली. मीही मोजलं. आकडे बरोबर होते. लाल गोलही अगदीच बिनबुडाचा नव्हता, कारण त्या पानावर दोन आकडे शेजारी शेजारी होते आणि ते एकमेकांशी कसे जोडले जातात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून ते पान इथे पहिल्यापासून मांडतो.

प्रतिमा अगदी लहान होती: आठ बाय आठ पिक्सेल, चार छटा. ० म्हणजे कोरा कागद, ३ म्हणजे पूर्ण काळं, १ आणि २ मधल्या करड्या छटा. तिने चौकटीच्या वहीत ‘ग’ काढला होता. वर शिरोरेषा, डावीकडे खाली येऊन गाठीत संपणारी रेघ, उजवीकडे उभा दांडा आणि दांड्याला लागून फिकट सावली.

```
3 3 3 3 3 3 3 3
0 0 3 0 0 0 3 1
0 0 3 0 0 0 3 1
0 0 3 0 0 0 3 1
0 2 3 0 0 0 3 1
0 2 2 0 0 0 3 1
0 0 0 0 0 0 3 1
0 0 0 0 0 0 3 1
```

चार छटांना दोन बिट पुरतात, म्हणून मूळ आकार ६४ × २ = १२८ बिट. कॉम्प्रेशन रेशो म्हणजे मूळ आकार भागिले दाबल्यानंतरचा आकार; तो काढताना वरच्या बाजूला हाच आकडा घ्यायचा. हे सांगायचं कारण असं, की जर्नलमध्ये आधी १२८ च्या जागी ५१२ होते आणि ते नंतर खोडलेले दिसत होते. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पिक्सेल आठ बिटांच्या बाइटमध्ये ठेवलेला असतो, म्हणून तो आकडा आपोआप तोंडात येतो. मग कोणतंही कोडिंग न करता, नुसते दोन-दोन बिट शेजारी दाबून बसवले तरी रेशो ४ येतो, आणि त्याचं श्रेय हफमन कोडिंगला दिलं जातं. रेशो फारच सुरेख आला की आधी तो कशाला भागून आलाय ते पाहावं.

पुढे छटांची मोजणी. ० पस्तीस वेळा, ३ एकोणीस वेळा, १ सात वेळा, २ फक्त तीन वेळा. बेरीज ६४. शॅननने १९४८ मध्ये दिलेलं सूत्र `H = -Σ p·log2(p)`. त्यात p म्हणजे त्या छटेचा वाटा, जसं की शून्यासाठी ३५/६४.

```python
from math import log2
n = [35, 7, 3, 19]
print(-sum(k/64 * log2(k/64) for k in n))
```

उत्तर १.५५२५ च्या आसपास येतं. ६४ पिक्सेलसाठी ते साधारण ९९.४ बिट होतात.

आता हफमन. डेव्हिड हफमनने १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत हाताने करायला दोन मिनिटं लागतात. सगळ्यात कमी वेळा येणाऱ्या दोघांना एकत्र बांधायचं: ३ आणि ७ मिळून १०. मग उरलेल्यांतले सगळ्यात लहान दोन, १० आणि १९, मिळून २९. शेवटी २९ आणि ३५. झाडाच्या प्रत्येक फाट्यावर एका फांदीला 0 आणि दुसरीला 1 दिलं की कोड तयार होतात: छटा ० ला `0`, छटा ३ ला `10`, छटा १ ला `110` आणि छटा २ ला `111`. यातला कोणताही कोड दुसऱ्या कोडची सुरुवात नाही. म्हणून मध्ये स्वल्पविराम न देताही ओळ वाचता येते. दुसरी ओळ बघा: `001000010110`. डावीकडून वाचायला लागलं की ती एकाच प्रकारे फुटते: `0 0 10 0 0 0 10 110`. सोळा बिटांची ओळ बारा बिटांत आली. शिरोरेषेची ओळ मात्र होती तेवढीच राहिली, कारण तिथे आठ वेळा `10` म्हणजे पुन्हा सोळाच बिट. एकच छटा आठदा आली आहे, हे हफमनला कळतच नाही. तो एका वेळी एकच पिक्सेल पाहतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

एकूण बिट ३५ + ३८ + २१ + ९ = १०३. पिक्सेलमागे १.६१, रेशो १२८/१०३ म्हणजे १.२४. एन्ट्रॉपीचे ९९.४ आणि प्रत्यक्षातले १०३, म्हणजे कार्यक्षमता सुमारे ९६ टक्के. उरलेले चार टक्के जातात ते कोडची लांबी पूर्णांकातच असावी लागते म्हणून. ३५/६४ वाट्याच्या शून्याला खरं तर ०.८७ बिट पुरले असते, पण एकापेक्षा लहान कोड देता येत नाही. इथपर्यंत कोणाचा काही वाद नव्हता. हफमन एन्ट्रॉपीच्या वर राहिला, पुस्तकात सांगतात तसाच.

रन-लेंग्थमध्ये एकसारख्या पिक्सेलच्या सलग रांगेला रन म्हणायचं आणि ‘कोणती छटा, किती वेळा’ एवढंच लिहायचं. छटेला दोन बिट. लांबी १ ते ८, ती एक कमी करून तीन बिटांत. म्हणजे प्रत्येक रनला पाच बिट. रन ओळ संपली की संपवायचा, पुढच्या ओळीत न्यायचा नाही, असा नियम केला.

तिने आधी आडव्या ओळींनी मोजलं होतं. शिरोरेषेचा एक रन. नंतरच्या तीन ओळींत प्रत्येकी पाच, मग सहा, मग पाच, शेवटच्या दोन ओळींत तीन-तीन. एकूण ३३ रन, १६५ बिट. मूळ १२८ आणि ‘दाबल्यावर’ १६५! रेशो ०.७८. तिने हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं, याचं मला कौतुक वाटलं. पुष्कळ जर्नलांत असा आकडा आला की प्रतिमाच बदलली जाते. रन-लेंग्थचं हे गणित सरळ आहे. पाच बिटांचा रन दोन बिटांच्या पिक्सेलच्या बदल्यात येतो, म्हणून रनची सरासरी लांबी अडीचच्या वर असेल तरच फायदा. इथे ती ६४/३३, म्हणजे दोनच्याही खाली होती.

मग तिने वही फिरवली आणि तोच ‘ग’ उभ्या स्तंभांनी वाचला. देवनागरीचं अक्षर असं वाचलं की चित्र बदलतं. निम्मे स्तंभ शिरोरेषेच्या एका काळ्या ठिपक्याने सुरू होतात आणि खाली सात कोरे पिक्सेल लागतात. दांडा म्हणजे आठचा एकच रन. त्याची सावली म्हणजे एक काळा आणि सात करडे.

```
3x1 0x7
3x1 0x3 2x2 0x2
3x5 2x1 0x2
3x1 0x7
3x1 0x7
3x1 0x7
3x8
3x1 1x7
```

अठरा रन, नव्वद बिट. रेशो १.४२, पिक्सेलमागे १.४१ बिट. हाच तो लाल गोलातला आकडा. एन्ट्रॉपीचे ९९.४ आणि हिचे ९०.

यात घोटाळा कुठेच नाही. फक्त १.५५ हा आकडा कशाची एन्ट्रॉपी सांगतो ते विसरलं की घोटाळा वाटतो. तो आकडा छटांच्या मोजणीवरून काढला. कोणती छटा किती वेळा आली एवढंच त्याला माहीत आहे, ती कुठे आली हे माहीत नाही. या ‘ग’चे चौसष्ट पिक्सेल पत्त्यांसारखे पिसून पुन्हा मांडले तरी १.५५ तसाच राहील. हफमनचे १०३ बिटही तसेच राहतील. रन मात्र तुटतील: अशा पिसलेल्या प्रतिमेत त्याच नियमाने सरासरी ४२ रन येतात, म्हणजे २१० बिट. तेव्हा १.५५ ही मर्यादा आहे ती एकेक पिक्सेल सुटा, शेजाऱ्याकडे न बघता कोड करणाऱ्यासाठी. हफमनने आपल्या प्रयोगात तेच केलं, म्हणून तो त्या मर्यादेच्या वर राहिला. रन-लेंग्थ शेजाऱ्याकडे बघते. तिच्यावर ती मर्यादा लागूच होत नाही.

मग हिची मर्यादा कोणती? निदान एक जवळची मर्यादा काढता येते. वरचा पिक्सेल माहीत असताना खालच्याबद्दल किती अनिश्चितता उरते, ते मोजायचं. या प्रतिमेत वर-खाली अशा ५६ जोड्या आहेत. वर ० असेल अशा २९ जोड्यांपैकी २८ मध्ये खालीही ० आहे. तिथे जवळजवळ काही विचारायचंच उरत नाही. वर १ असेल तर खाली नेहमी १. अनिश्चितता उरते ती मुख्यतः ३ च्या खाली, कारण शिरोरेषेखाली कधी कागद येतो तर कधी रेघ. हे सगळं त्याच सूत्रात घातलं की सरासरी ०.६१ बिट येते. हेच डावा पिक्सेल माहीत धरून आडवं केलं तर १.३० येते. दोन्ही १.५५ पेक्षा कमी आहेत, आणि उभ्या दिशेची तर निम्म्याहूनही कमी. वही फिरवल्यावर काय घडलं ते या दोन आकड्यांत दिसतं. आडव्या दिशेतही शेजाऱ्याची थोडी मदत होतीच, पण पाच बिटांच्या ठोकळेबाज रनला ती उचलता आली नाही.

०.६१ पाहून मात्र हुरळून जाऊ नये. तो ५६ जोड्यांवरून, त्याच प्रतिमेतून काढलाय आणि त्याच प्रतिमेला लावलाय. उलगडणाऱ्याला त्या सगळ्या शक्यता आधी कळवाव्या लागतील आणि त्याचा खर्च या आकड्यात धरलेला नाही.

हा खर्चाचा मुद्दा जर्नलमध्ये नव्हता, आणि माझ्या मते लाल गोल तिथे पडायला हवा होता. कारण पुढच्या पानावर तिने रन-लेंग्थवर हफमन चढवला होता. कल्पना चांगलीच आहे. अठरा रनांच्या छटा पाहिल्या तर ३ आठ वेळा, ० सात वेळा, २ दोनदा आणि १ एकदा. त्यांचा हफमन केला की ३१ बिट. लांब्या पाहिल्या तर १ सात वेळा, ७ पाच वेळा, २ तीन वेळा, आणि ३, ५, ८ एकेकदा. त्यांचे ४० बिट. एकूण ७१. रेशो १.८०! जर्नलच्या निष्कर्षात हाच आकडा ठळक करून, खाली दोन रेघा मारून लिहिला होता.

मी तिला विचारलं, ‘‘हे ७१ बिट मला पाठवलेस, तर मी ते वाचणार कसे? `110` म्हणजे कोणती छटा, मला काय माहीत?’’

‘‘टेबल पण द्यावं लागेल,’’ ती म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं.

टेबल काटकसरीने पाठवायचं तर कोड लिहायची गरज नसते, फक्त त्यांच्या लांब्या दिल्या तरी पुरतं; लांब्यांवरून ठरलेल्या क्रमाने कोड दोन्हीकडे सारखेच बांधता येतात. साध्या हफमनच्या चार छटांच्या लांब्या १, २, ३, ३. प्रत्येकीला दोन बिट, म्हणजे आठ बिट. १०३ चे १११ झाले आणि रेशो १.२४ वरून १.१५ वर आला. रन-लेंग्थवर हफमन चढवलेल्या जोडकोडिंगला दोन टेबलं लागतात. छटांचं आठ बिटांचं. रनच्या लांबीच्या आठ शक्यता आहेत आणि त्यांचे कोड पाच बिटांपर्यंत जातात, म्हणून प्रत्येकीला तीन बिट, म्हणजे आणखी चोवीस. ७१ + ३२ = १०३. फिरून फिरून भोपळे चौकात: साध्या हफमनला टेबल न धरता आलेलाच आकडा! आणि ज्या साध्या रन-लेंग्थला टेबल लागतच नाही, तिला प्रतिमा आडवी वाचली की उभी हे सांगणारा एक बिट जोडला की ९१. या एका ‘ग’पुरती तीच जिंकली.

फाइल तर बाइटमध्ये लिहिली जाते. मूळ प्रतिमा १६ बाइट. ९१ बिटांना १२ बाइट लागतात, १०३ ला १३, १११ ला १४. म्हणजे डिस्कवरचा खरा रेशो १६/१२, १.३३. बाइट पूर्ण करायला शेवटी जे शून्य बिट भरतात, त्यांनी तिच्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक गंमत केली होती, जी तिला सापडलेली नव्हती. हफमनच्या १०३ बिटांपुढे एक शून्य भरलं जातं, आणि `0` हा तर छटा ० चा पूर्ण, वैध कोड आहे. उलगडणारा प्रोग्रॅम फाइल संपेपर्यंत वाचत राहिला तर पासष्टावा पिक्सेल निघतो. रन-लेंग्थच्या ९१ बिटांपुढे पाच शून्यं येतात, आणि `00000` म्हणजे छटा ० चा एक लांबीचा रन. पुन्हा पासष्टावा पिक्सेल. तो कोरा असल्यामुळे चित्रात काही दिसत नाही आणि चूक महिनोन्‌महिने तशीच राहते. उपाय एकच: उलगडणाऱ्याने बिट संपायची वाट पाहू नये, पिक्सेल मोजावेत आणि ६४ झाले की थांबावं.

दुसरी चूक मात्र लगेच दिसते, आणि ती तिच्या आधीच्या प्रिंटआउटमध्ये जोडलेलीच होती. तिथे तिने रन स्तंभाच्या शेवटी तोडला नव्हता. दांड्याचे आठ काळे पिक्सेल आणि पुढच्या स्तंभाच्या डोक्यावरचा शिरोरेषेचा ठिपका एकमेकांना लागून येतात, म्हणून नऊचा रन झाला. अठराचे सतरा रन झाले, ८५ बिट, आणखी बचत! पण नऊ उणे एक म्हणजे आठ, आणि आठ तीन बिटांत मावत नाही. `1000` मधला वरचा बिट गळून `000` उरलं, म्हणजे लांबी एक. उलगडल्यावर ६४ ऐवजी ५६ पिक्सेल आले आणि ‘ग’चा काळा दांडा गायब झाला. त्याच्या जागी शिरोरेषेखाली फक्त फिकट सावली उरली. प्रिंटरची शाई संपली असावी असं तिला वाटलं होतं. कोड केल्यावर सगळ्या रनच्या लांब्यांची बेरीज छापून पाहिली असती तर पाच सेकंदांत कळलं असतं, पण बेरीज कोड करण्याआधीच्या लांब्यांची घेऊन चालत नाही. ती तीन बिटांत बसवल्यानंतरच्या लांब्यांची घ्यायची.

टेबलाच्या खर्चावर जुन्या फॅक्सने काढलेला तोडगा मी तिला दाखवला, कारण तिचं जोडकोडिंग म्हणजे थोड्याफार फरकाने तेच. १९८० च्या ग्रुप ३ फॅक्सच्या टी.४ मानकात एका ओळीत १७२८ पिक्सेल असतात, फक्त काळे आणि पांढरे. दोनच रंग असल्यामुळे रन आलटून पालटून येतात आणि छटा लिहावीच लागत नाही. प्रत्येक ओळ पांढऱ्या रननेच सुरू होते असं ठरलेलं आहे. ओळ काळ्याने सुरू होत असेल तर आधी शून्य लांबीचा पांढरा रन लिहायचा, आणि त्यालाही `00110101` असा आठ बिटांचा कोड आहे. रनच्या लांब्यांना हफमन धाटणीचे कोड दिलेले आहेत, काळ्यांचे वेगळे आणि पांढऱ्यांचे वेगळे: दोन पिक्सेलच्या काळ्या रनला `11`, तेवढ्याच पांढऱ्याला `0111`. लेखणीची किंवा टंकाची रेघ दोन-तीन पिक्सेल जाड असते, म्हणून काळ्यात तेच रन स्वस्त. आणि मुख्य म्हणजे टेबल प्रत्येक मशीनमध्ये आधीपासून असतं. ते पाठवायचा खर्च शून्य. मोबदल्यात एखाद्या कागदाला ते टेबल तंतोतंत लागू नसलं तर थोडं नुकसान सोसायचं.

‘‘मग माझे ७१ चुकीचे की बरोबर?’’ तिने विचारलं.

किती अक्षरं पाठवायची यावर ते आहे. साध्या रन-लेंग्थला एका अक्षरामागे ९० बिट लागतात, जोडकोडिंगला ७१. फरक १९ चा आणि टेबलं ३२ ची, एकदाच द्यायची. दुसरं अक्षरही ‘ग’सारखंच निघालं तर दोन अक्षरांना १८० विरुद्ध १७४. म्हणजे दुसऱ्याच अक्षराला जोडकोडिंग पुढे जातं. पण दुसरं अक्षर ‘ग’सारखं असेलच असं नाही. ‘ठ’ला दांडा नाही, आहे तो गोल, उभे वाचले तरी त्याचे रन तुटतात, आणि या टेबलात लांबी ४ किंवा ६ चा कोडच नाही, कारण ‘ग’मध्ये त्या लांबीचा एकही रन नव्हता. तसा रन आला तर तो लिहिताच येणार नाही. टेबल अनेक अक्षरांवरून बांधावं लागेल आणि न दिसलेल्या लांब्यांसाठीही कोड राखून ठेवावे लागतील. मग ७१ चे थोडे वाढतील.

तिने त्याच पानाच्या मागच्या बाजूला दुसरी चौकट आखली आणि ‘ठ’ काढायला घेतला.